पाला, पानं आणि देठं: तिघांना एकाच कढईत घालू नका

पहिल्यांदा मी हा उद्योग केला तो चिडून. जळगावच्या बाजारातून डिसेंबरात मुळ्याची जुडी, फ्लॉवरचा गड्डा आणि मुलीच्या हट्टाखातर ब्रोकोली आणली होती. भाजी निवडून झाली तेव्हा कचऱ्याच्या बादलीत पडलेलं ताटात येणाऱ्यापेक्षा जास्त दिसत होतं. मग त्या बादलीतलं सगळं धुऊन, चिरून एकाच कढईत टाकलं, लसणाची फोडणी दिली, झाकण ठेवलं. अर्ध्या तासाने मुळ्याचा पाला गळून काळपट झाला होता, फ्लॉवरच्या शिरा दातात अडकत होत्या आणि ब्रोकोलीचं देठ बाहेरून लाकडासारखं, आतून कच्चं होतं. घरभर उकडलेल्या कोबीसारखा उग्र वास. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "ढोरांना तरी बरं लागलं असतं."

त्या घासानंतर मी तिन्ही वेगवेगळे करायला लागले. पुढचं सगळं तेव्हापासूनचं.

१. मुळ्याचा पाला बाजारातच वाचतो किंवा जातो

भाजीवाली मावशी मुळा तोलण्याआधी विचारते, "पाला काढी टाकू का, बाई?" आपण सवयीने हो म्हणतो. आता मी म्हणते, काढ, पण पिशवीत दे. पाला मुळ्याला चिकटून राहिला तर दोघांचंही नुकसान होतं. पानं मुळ्यातलं पाणी ओढत राहतात, मुळा मऊ पडतो आणि दोन दिवसांत पाला पिवळाही होतो. घरी आल्या आल्या पाला कापून वेगळा करावा, कोरडा असतानाच सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा. ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी कडा चिकट होतात. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही.

घ्यायचा तो कोवळा. जुडीत मधोमध फुलाचा दांडा वर आलेला दिसला की पाला कडू आणि चिवट निघणार, हे ठरलेलं. असा पाला मी पिशवीतून तिथेच परत देते.

२. धुताना पाणी ओतायचं नाही, पाला उचलायचा

मुळ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यात माती धरून राहते. चाळणीत धरून नळ सोडला की वरवर पाणी वाहतं, माती तशीच. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हलवावा, पाच मिनिटं स्थिर ठेवावा आणि वरच्या वर हाताने उचलून घ्यावा. पातेलं उपडं करून पाला चाळणीत ओतला तर तळाशी बसलेली माती पुन्हा त्याच पाल्यावर येते. पातेल्याच्या तळाला बोट लावून कण लागला नाही म्हणजे झालं. माझ्याकडे बहुतेकदा तीन पाणी लागतात.

३. मुळ्याच्या पाल्याचे फुणके, आणि ते का फुटतात

फुणके खान्देशात तुरीच्या डाळीचे होतात, कढीबरोबर खायचे. त्यात कांद्याची पात किंवा कोथिंबीर घालतात. मी मुळ्याचा पाला घालायला लागले, आणि पहिल्या खेपेला सगळे फुणके वाफेवर फुटून डाळीचा लगदा झाला. डाळ बरोबर होती, पाल्यात पाणी होतं.

चार जणांसाठी माझं माप असं. एक वाटी तुरीची डाळ थंडीत चार तास, उन्हाळ्यात तीन तास भिजवायची. चाळणीत दहा मिनिटं निथळायची. मिक्सरमध्ये पाण्याचा थेंब न घालता थांबत थांबत भरड वाटायची, मूठभर डाळ तशीच आख्खी ठेवून शेवटी मिसळायची. गुळगुळीत वाटली तर फुणके रबरासारखे घट्ट होतात.

डाळ भिजत असताना पाला. जाड देठ बाजूला काढून पानं बारीक चिरायची, दोन वाट्या व्हायला हवीत. साधारण चार मुळ्यांचा पाला तेवढा होतो. त्यावर अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचा. मग मूठ आवळून पिळायचा, आणि इथे दया दाखवायची नाही. दोन वाट्यांचा ऐवज एका वाटीच्या आत येतो. याने दोन गोष्टी होतात: पाणी जातं, आणि जिभेला खुपणारी ती लव नरम पडते. निघालेलं हिरवं पाणी तिखटसर-कडवट असतं, पण मी फेकत नाही. कळण्याच्या भाकरीचं पीठ त्यात भिजवते. फक्त मग पिठात मीठ घालायचं नाही, हे एकदा विसरले होते.

वाटलेल्या डाळीत पिळलेला पाला, एक बारीक चिरलेला कांदा, सहा-सात हिरव्या मिरच्या आणि आठ लसूण पाकळ्यांचा ठेचा, जिरं, हळद, दोन चमचे तेल. मीठ चाखूनच, कारण पाल्यातलं आधीच आलेलं असतं. मुठीत दाबून लांबट आकार द्यायचा. तळहात उघडल्यावर गोळा तडकला नाही आणि बोटांना पाणी लागलं नाही, तर वाफेवरही टिकतो. पाणी लागलं तर चमचाभर बेसन मिसळावं, त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर भज्यांची चव येते.

तेल लावलेल्या चाळणीत, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पंधरा ते वीस मिनिटं. झाकणाला फडकं बांधायचं. झाकणावरून ठिबकणारं पाणी फुणक्यांवर पडलं की वरचा थर चिकट होतो. सुरी खुपसून ती स्वच्छ निघाली तरी मी एक फुणका मोडून बघते, कारण मधली डाळ कधी कधी कच्ची राहते आणि ते सुरीला कळत नाही. ताटात कुस्करून, वर कच्चं तेल, शेजारी गरम कढी. माझ्या मुलीला आत मुळा आहे हे पहिल्या वर्षी कळलंच नाही.

४. फ्लॉवरची पानं: आधी शिरा, मग पान

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या आहारतक्त्यात शंभर ग्रॅम फ्लॉवरच्या पानांत 626 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेलं आहे, आणि त्याच तक्त्यात फुलात 33. शंभर ग्रॅम पानं एका जेवणात कुणी खात नाही आणि त्यातलं सगळं अंगी लागतं असंही नाही, पण बादलीत काय जातंय ते त्या दोन आकड्यांवरून कळतं.

तरी सगळी पानं घेऊ नयेत. बाहेरची दोन-तीन मोठी, फाटकी, जमिनीला टेकलेली पानं मी टाकते. फवारा सगळ्यात जास्त त्यांच्यावर बसतो. फ्लॉवरच्या पानावर मेणासारखा पांढुरका थर असतो, तो नैसर्गिक असतो आणि बोटाने पुसला जातो. पण पानावर थेंब वाळल्याचे गोल डाग असतील तर ते पान घ्यायचं नाही. मिठाच्या पाण्याने अळ्या निघतात, मावा निघतो, पानात मुरलेलं औषध निघत नाही. हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावं, आणि पान देठाला जिथे चिकटतं ती पन्हळीसारखी जागा बोटाने उघडून बघावी. अळी तिथेच दडते. ओळखीच्या शेतकऱ्याकडचा गड्डा असेल तर जास्त पानं घेते, नाहीतर फुलाला बिलगलेली आतली पाच-सहा फिकट पानंच.

आता माझ्या पहिल्या कढईतली चूक. पानाची मधली शीर आणि पातळ भाग यांना शिजायला लागणारा वेळ सारखा नाही. पान उलटं धरून शीर कापून वेगळी काढावी. तिच्या टोकाला नख घालून ओढलं की दोरा निघतो, शेवग्याच्या शेंगेचा निघतो तसा. मग शीर आडवी, पातळ चिरावी. उभे तुकडे केले की धागे लांबच राहतात आणि कितीही शिजवलं तरी चघळत बसावं लागतं.

लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण. आधी फक्त शिरा, चार-पाच मिनिटं, पाण्याचा हबका मारून. नखाने दाबल्यावर खूण उमटली की भिजवलेली मूगडाळ आणि चिरलेली पानं घालायची. झाकण नाही. झाकण ठेवून जास्त वेळ शिजवलं की तो उग्र वास सुटतो. पानं सात-आठ मिनिटांत होतात. शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू शेवटी, कढई उतरवल्यावर, कारण आंबट आधी पडलं की हिरवा रंग मळकट होतो.

५. ब्रोकोलीचं देठ शिजवूच नका

निदान पहिल्यांदा तरी. देठ आडवं कापून बघा: कडेला फिकट कडं दिसतं, आत ओलसर, पारदर्शक गाभा. ते कडं म्हणजे साल आणि धागे, आणि ते शिजत नाही. सोलाण्याने वरवर सोललं तर अर्धं राहतं. सुरी कड्याच्या आतून घालून देठाचा चौकोनी खांब करावा. बुडातला दोन बोटं भाग लाकूडच असतो, तो जाऊ द्यावा. माझ्या काट्यावर एका गड्ड्याचं देठ 120 ग्रॅम भरलं, सोलून 80 उरलं.

देठ आतून पोकळ निघालं तर घाबरायचं कारण नाही. झाड भराभर वाढलं किंवा जमिनीत बोरॉन कमी पडलं की असं होतं. पोकळी कोरडी असेल तर तो भाग कापून बाकीचं वापरावं. तपकिरी, ओलसर आणि वासाची असेल तर पूर्ण देठ टाकावं.

गाभ्याचा आमच्याकडे घोळाणा होतो. मेथीचा, हरभऱ्याच्या पाल्याचा करतो तसाच. गाभा किसायचा, त्यात चिरलेला कांदा, बारीक हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि कच्चं तेल. मीठ अगदी ताट वाढताना, कारण पाच मिनिटांत किसाला पाणी सुटतं आणि कूट चिकट होतं. सासूबाई त्याला मुळ्याचा भाऊ म्हणतात, आणि चव खरंच कोवळ्या मुळ्याच्या जवळ जाते, फक्त तिखटपणा नसतो.

घरात कुणाला थायरॉइडचा त्रास असेल तर हा कच्चा प्रकार रोज नको, शिजवलेला बरा. आणि रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर हिरवी पानं एकाएकी वाढवू नयेत, त्यांतल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. आमच्या नात्यातल्या एका काकांना डॉक्टरांनी सांगितलं ते असं: खायचं तेवढं खा, पण दर आठवड्याला सारखंच खा. म्हणून ते आले की फुणके असतात, पण दोनच वाढते.