अनिश्चित सनावळी आणि समांतर राजवटी : वऱ्हाडची कालरेषा

प्रस्तावना

वर्गात कालरेषा मांडताना सामान्यतः एक आडवी रेघ ओढली जाते आणि तिच्यावर राजवटींच्या पेट्या एकीपुढे एक लावल्या जातात. एक राजवट संपली की दुसरी सुरू झाली, असा त्या मांडणीचा अर्थ होतो. आजचा यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडतो, त्याच्या इतिहासाला मात्र ही रीत पुरत नाही. तेथे काही घटनांचे साल निश्चित सांगता येत नाही आणि काही काळात एकाच गावावर दोन सत्तांचा हक्क होता. रेषेवर ही दोन्ही कारणे सारखीच दिसतात, कारण दोन्हींमुळे बिंदूऐवजी लांब पट्टी काढावी लागते. म्हणून 'साल ठाऊक नाही' आणि 'सत्ता दोन होत्या' या दोन गोष्टी वेगवेगळ्या चिन्हांनी कशा दाखवाव्यात, हे प्रस्तुत उपघटकात आपण पाहणार आहोत.

मोजमाप ठरविणे

वऱ्हाडसाठी इ. स. १४८० ते १९६० असा ४८० वर्षांचा काळ घेऊ. पाच वर्षांना एक सेंटिमीटर हे प्रमाण ठेवल्यास ९६ सेंटिमीटर लांबीचा कागद लागतो. कोणत्याही घटनेचे स्थान काढण्यासाठी तिच्या सालातून १४८० वजा करून आलेल्या संख्येला ५ ने भागावे. अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले ते साल १५७४. त्यातून १४८० वजा जाता ९४ उरतात, म्हणजे ही खूण डाव्या टोकापासून १८.८ सेंटिमीटरवर येते. चांदबीबीने मोगलांना वऱ्हाड दिले ते १५९६ साल २३.२ सेंटिमीटरवर येते. हे प्रमाण शेवटपर्यंत बदलू नये. अलीकडच्या काळातील माहिती अधिक म्हणून तेथे जागा वाढविली, तर विद्यार्थ्याला तो काळच दीर्घ होता असे वाटू लागते. या रेषेवर एक दिवस दाखविता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे १० जुलै १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. त्याची खूण ९० सेंटिमीटरच्या किंचित पुढे पडेल. नेमकी तारीख मात्र चिठ्ठीवरच लिहावी लागेल.

अनिश्चित साल कसे दाखवावे ?

अनिश्चिततेचे दोन प्रकार येथे भेटतात. पहिला प्रकार म्हणजे दोन टोकांमधील अनिश्चितता. वऱ्हाडच्या इमादशाहीचा आरंभ काही ग्रंथांत १४८४ असा, तर काहींत १४९० असा दिलेला आढळतो. बहमनी सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क हळूहळू स्वतंत्र झाला, त्यामुळे स्वातंत्र्याची खूण कोणती मानावी यावर साल अवलंबून राहते. अशा वेळी सरासरी काढून १४८७ लिहिणे ही मोठी चूक होय, कारण ते साल कोणत्याच ग्रंथाने दिलेले नाही. ०.८ ते २ सेंटिमीटर हा भाग तिरप्या रेघांनी भरावा आणि २ पासून १८.८ पर्यंत पूर्ण रंग द्यावा. रंग म्हणजे 'येथे राजवट निश्चित होती' आणि तिरप्या रेघा म्हणजे 'येथे मतभेद आहे', असा खुलासा कागदाच्या कोपऱ्यात लिहावा.

दुसऱ्या प्रकारात केवळ एकच टोक ठाऊक असते. अबुल फज्लच्या 'ऐन-इ-अकबरी'त 'योत-लोहारा' या परगण्याचा उल्लेख येतो. त्यातील 'योत' म्हणजे आजचे यवतमाळ असे मानले जाते. लोहारा हे गाव यवतमाळनजीकच आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे. यावरून 'यवतमाळची स्थापना, सुमारे १५९५' अशी चिठ्ठी लावण्याचा मोह होतो. वास्तविक त्या उल्लेखातून एवढेच सिद्ध होते की, त्यावेळी हे गाव अस्तित्वात होते आणि परगण्याला नाव देण्याइतके महत्त्वाचे होते. म्हणून २२ ते २४ सेंटिमीटरवर 'पहिला ज्ञात उल्लेख' असे न लिहिता 'ऐन-इ-अकबरीतील उल्लेख' असे लिहावे आणि तेथून डावीकडे जाणारा बाण काढावा. बाणाचा अर्थ 'याच्या पूर्वी केव्हातरी' असा होतो.

समांतर सत्ता कशा दाखवाव्यात ?

१७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथील लढाईनंतर दख्खनवर निजामाचा अंमल बसला. मराठ्यांना दख्खनच्या सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्येच मिळाल्या होत्या. पुढे नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडच्या महसुलात आपला वाटा बसविला. त्यामुळे एकाच गावाच्या उत्पन्नावर दोन धन्यांचा हक्क राहिला. येथे साल अनिश्चित आहे म्हणून पट्टी लांबलेली नाही, तर सत्ताच दुहेरी होती. म्हणून तिरप्या रेघा न काढता एकाखाली एक अशा दोन पट्ट्या काढाव्यात. वरच्या पट्टीत निजाम ४८.८ पासून सुरू होईल. खालच्या पट्टीत भोसले १८०३ पर्यंत, म्हणजे ६४.६ पर्यंत येतील. त्या वर्षाच्या डिसेंबरमधील देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला.

यानंतरचा टप्पा अधिक फसवा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. येथे निजामाची पट्टी बंद करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. कारभार इंग्रजांकडे गेला तरी नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. म्हणूनच १९०२ मध्ये सालिना २५ लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा करून घ्यावा लागला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले. यास्तव ७४.६ पासून खालच्या पट्टीत 'कारभार : इंग्रज' अशी भरीव नोंद करावी आणि वरची निजामाची पट्टी केवळ बाह्यरेषेने पुढे न्यावी. तिचे उजवे टोक १९४७ ते १९५० दरम्यान पुसट सोडावे. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आल्यावर अशा वेगळ्या सार्वभौमत्वाला जागा उरली नाही.

याच रेषेवर जिल्ह्याच्या नावाचीही काळजी घ्यावी. १८६४ मध्ये निर्माण झालेला जिल्हा पुढे 'वणी जिल्हा' या नावाने ओळखला जाई. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ पासूनचे आहे.

आठवण आणि कालरेषा यांत विरोध आल्यास

समजा, उमरखेडच्या वर्गातील एखादी विद्यार्थिनी म्हणाली, "माझी आजी निजामाच्या राज्यात वाढली. मग रेषेवर इंग्रज कसे ?" अशा वेळी आजीची आठवण चुकीची ठरविण्याची घाई करू नये. आधी आजीचे माहेर विचारावे. ते पैनगंगेच्या पलीकडे माहूर किंवा किनवटकडे असेल, तर तो भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आठवण पूर्णतः खरी आहे. नदीच्या अलीकडचा कारभार मात्र त्याच वेळी इंग्रजी होता. म्हणजे येथील विरोध सालाचा नसून स्थळाचा आहे. त्यासाठी 'पैनगंगेच्या दक्षिणेस' अशी तिसरी पट्टी जोडावी. एका पट्टीत एकच प्रदेश घ्यावा, हा नियम अशा प्रश्नांतूनच विद्यार्थ्यांना पटतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. इमादशाहीचा आरंभ १४८७ या सालावर का दाखवू नये ?

२. १७२४ ते १८०३ हा काळ तिरप्या रेघांनी भरल्यास वाचणाऱ्याचा कोणता गैरसमज होईल ?

३. आपल्या गावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधा. त्या उल्लेखासाठी बिंदू, तिरप्या रेघा किंवा बाण यांपैकी कोणते चिन्ह वापराल, ते कारणासह लिहा.