१८० दिवसांच्या रजेत १८१ दिवस कसे आले?



मागे एका मॅडमच्या प्रसूती रजेचा तक्ता तपासायला माझ्याकडे आला. रजा १८० दिवसांची. सुरुवात ८ जानेवारी २०२४, शेवट ६ जुलै २०२४. एक्सेलमध्ये उत्तर १८० येत होतं. मॅडमनी बोटांवर मोजून खात्रीही केली होती : जानेवारीचे २४, फेब्रुवारीचे २८, मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१, जून ३० आणि जुलैचे ६. बेरीज बरोब्बर १८०.

दोन्हीकडून एकच उत्तर, तरी दोन्ही चूक! खरे दिवस १८१ आहेत.

आधी हातची बेरीज बघू. २०२४ लीप वर्ष, म्हणजे फेब्रुवारी २९ चा. तिथे एक दिवस गळला. एक्सेलने मात्र २९ फेब्रुवारी बरोबर धरला होता, त्याची चूक वेगळीच होती. सूत्र असं होतं :

```
=B2-A2
```

एक्सेलसाठी तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. तारखेच्या सेलचा फॉरमॅट General करून बघा. ८ जानेवारी २०२४ म्हणजे 45299 आणि ६ जुलै म्हणजे 45479. वजाबाकी १८०. पण वजाबाकी मधलं अंतर सांगते, दिवस मोजत नाही. आपण तिसरीच्या मुलांना विचारतो ना, पान ८ पासून पान १२ पर्यंत वाचलं तर किती पानं झाली? निम्मा वर्ग चार म्हणतो, उत्तर पाच असतं. रजेचा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस रजेतच असतात, म्हणून एक मिळवायचा :

```
=B2-A2+1
```

आता १८१ दिसेल. दोन वेगळ्या चुका, दोन्ही एकेका दिवसाच्या आणि एकाच बाजूला, म्हणून उत्तरं जुळली. हीच रजा २०२३ मध्ये असती, तर हातची बेरीज बरोबर ठरली असती.

पण ६ जुलै आला कुठून? शेवटच्या तारखेच्या रकान्यात `=A2+180` होतं. म्हणजे ज्या सूत्राने तारीख काढली, त्याचंच उलटं सूत्र तिची तपासणी करत होतं. उत्तर जुळणारच! गंमत म्हणजे ६ जुलै ही तारीख निरुपयोगी नव्हती, ती हजर होण्याची तारीख होती, चुकीच्या रकान्यात बसलेली. C2 मध्ये मंजूर दिवस ठेवून दोन रकाने वेगळे करा. पहिलं सूत्र रजेचा शेवटचा दिवस देतं, दुसरं हजर होण्याचा :

```
=A2+C2-1
=A2+C2
```

पहिल्याचं उत्तर ५ जुलै, शुक्रवार. दुसऱ्याचं ६ जुलै, शनिवार. जुना तक्ता धरला असता तर मॅडम सोमवारी ८ तारखेला शाळेत आल्या असत्या आणि शनिवार मंजुरीबाहेर गेला असता. एका दिवसासाठी पुन्हा अर्ज, खुलासा, सगळं आलंच. (वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.)

म्हणून सगळीकडे +1 लावत सुटू नका. वाचनालयाचं पुस्तक १ जुलैला नेलं आणि ८ जुलैला परत दिलं, तर ते सात दिवस मुलाकडे होतं. तिथे साधी वजाबाकीच योग्य. शेवटचा दिवस मोजायचा की नाही हे एक्सेल सांगणार नाही, ते आदेशातल्या शब्दांवरून आपण ठरवायचं. ‘५ जुलैपर्यंत रजा’ म्हणजे ५ तारीख धरून. ‘६ जुलैपासून हजर’ म्हणजे ६ तारीख रजेत नाही.

कोणाचाही तक्ता हाती आला की मी दोन्ही रकान्यांत एकच तारीख टाकतो. एका दिवसाच्या रजेला शून्य दिसलं, तर +1 राहिलंय. मग २८ फेब्रुवारी ते १ मार्च टाकतो. +1 असलेल्या सूत्राने २०२४ साठी ३ आणि २०२३ साठी २ यायला हवेत. दोन्ही वर्षांना सारखंच उत्तर आलं, तर कुणीतरी महिन्यांचे दिवस हाताने भरलेत.

लीप वर्षाची दुसरी चोरवाट म्हणजे वय. दिवसांना 365 ने भागणारं सूत्र बऱ्याच प्रवेश याद्यांत सापडतं. १ जानेवारी २०१८ ला जन्मलेल्या मुलाचं ३१ डिसेंबर २०२३ रोजीचं वय त्याने काढा. अंतर २१९० दिवस, भागाकार नेमका ६. पण सहावा वाढदिवस तर उद्या आहे! २०२० च्या २९ फेब्रुवारीने हा एक दिवस वाढवला. त्याऐवजी हे वापरा :

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
```

उत्तर ५ येईल. लिहिताना एक्सेल या फंक्शनचं नाव सुचवत नाही, पूर्ण टाइप करावं लागतं. जुन्या फाईलमध्ये Ctrl+F दाबून, Look in मध्ये Formulas ठेवून 365 शोधा. जिथे सापडेल ती ओळ आधी तपासा.