अडीच मिरच्या कशा घ्यायच्या?

प्रश्न : मुलं बाहेरगावी असल्यामुळे मी शिरोड्याला एकटीच राहते. माझ्याकडचं बांगड्याचं तिखलं चौघांच्या मापाचं आहे : चार बांगडे, वाटीभर ओलं खोबरं, दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, दहा तिरफळं, पाच आमसुलं, दोन वाट्या पाणी. एकीसाठी करायचं तर अडीच मिरच्या आणि चमच्याचा आठवा भाग हळद कशी मोजू?
– एक वाचक, शिरोडा

उत्तर : मोजूच नका. भागाकार वाटण्याआधी न करता वाटल्यानंतर करा. खोबरं, मिरच्या, धणे आणि हळद चौघांच्या मापानेच, अगदी कमी पाण्यात घट्ट वाटा. वाटण ताटलीत जाडसर थापा आणि सुरीने चार भाग करा. अडीच मिरच्या आणि चमच्याचा आठवा भाग हळद प्रत्येक भागात आपोआप येतात. तसंही पाव वाटी खोबरं मिक्सरच्या भांड्याच्या कडांना चिकटून बसतं, पात्यापर्यंत पोचत नाही. मग पाणी घालत जावं लागतं आणि वाटण पातळ होतं.

एक भाग आज वापरा, उरलेले तीन वेगवेगळे बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभरात संपवा. वीज बराच वेळ जाऊन वाटण विरघळलं, तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी वापरा. आंबूस किंवा खवट वास आला तर टाकून द्या.

तिरफळं आणि आमसुलं वाटणात जात नाहीत, म्हणून त्यांना हा नियम नाही. बिया काढून ठेचलेली तीन तिरफळं घ्या. आमसूल आधी एकच घाला, चव बघून दुसरं.

पाणी मात्र चौथाई करू नका. वाफ किती जाते हे टोपाच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, रश्शाच्या मापावर नाही. एका बांगड्याच्या तुकड्यांना अर्धी वाटी पाणी घातलंत, तर मासा शिजेपर्यंत कडेला वाटण करपायला लागेल. तुकडे एका थरात जेमतेम मावतील असा लहान टोप घ्या आणि पाऊण वाटी पाणी घाला. उकळी लवकर येईल, पण शिजायचा वेळ घटणार नाही, कारण तुकड्यांची जाडी तीच आहे. उकळीनंतर सहा-सात मिनिटांत मांस काट्यापासून सुटतं का बघा.

मीठ पाव चमच्याने सुरू करा. शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ वापरत असाल, तर खड्यांमध्ये पोकळी राहते आणि चमच्यात मीठ कमी बसतं. आमसुलं खारवलेली असली तर तेही मीठ धरावं लागतं. म्हणून शेवटी जिभेवर ठरवा.

खरं सांगायचं तर मी दोन बांगड्यांचंच करीन. तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. त्यासाठी वाटणाचे दोन भाग, पाच तिरफळं, सव्वा वाटी पाणी, आणि आमसुलं आधी दोन, लागलं तर तिसरं.