स्पॅनिशमधला नकार : क्रियापदाच्या अलीकडे आणि पलीकडे

'दोन नकार म्हणजे एक होकार' हे आपण शाळेत शिकलेलो असतो. स्पॅनिशचा अभ्यास सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांतच ही शिकवण आड येते. 'नो बीनो नाद्ये' या वाक्यात 'नो' म्हणजे नाही, 'बीनो' म्हणजे आला आणि 'नाद्ये' म्हणजे कोणीही नाही. तरीही अर्थ 'कोणीच आलं नाही' एवढाच.

येथील नियम शब्दसंख्येचा नसून जागेचा आहे. नकारार्थी वाक्यात क्रियापदाच्या आधी एखादा नकारवाचक शब्द आलाच पाहिजे. 'नाद्ये' (कोणी नाही), 'नादा' (काही नाही) किंवा 'नुन्का' (कधी नाही) क्रियापदानंतर असेल, तर ती आधीची जागा 'नो' भरतो. यांपैकीच एखादा शब्द आधी आला, तर 'नो' गळतो : 'नाद्ये बीनो'. अर्थ तोच.

मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला दोन चुका दिसतात आणि त्या दोन वेगळ्या भाषांतून येतात. 'बीनो नाद्ये' ही इंग्रजीच्या सवयीची : एक नकार पुरे, असे मानून 'नो' टाकलेला असतो. 'नाद्ये नो बीनो' ही मात्र आपली. मराठीत 'कोणी' कुठेही ठेवा, 'आलं कोणी नाही' म्हणा की 'कोणी आलं नाही', 'नाही' सुटत नाही. कारण 'कोणी' स्वतः नकारार्थी नाही.

गंमत अशी की स्पॅनिशचे शब्दही मुळात तसेच होते. 'नादा' लॅटिनमधल्या 'जन्मलेली वस्तू' या अर्थाच्या शब्दप्रयोगातून आला, म्हणजे जवळजवळ आपला 'काही'. 'नाद्ये' त्याच घराण्यातला. 'नो'च्या सतत सहवासाने दोघांना नकाराचा रंग चढला. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'नाद्ये नो' असा क्रम आढळतोही. आजच्या प्रमाण भाषेत तो चुकीचा ठरतो. 'नुन्का' मात्र लॅटिनपासूनच नकारार्थी आहे.

आधीची जागा एकदा भरली की नंतर कितीही नकार येऊ शकतात. 'तो कधीच कोणाला काही सांगत नाही' हे वाक्य घ्या : 'नुन्का ले कुएन्ता नादा आ नाद्ये'. 'कुएन्ता' हे क्रियापद. त्याच्या आधी 'नुन्का' आहे, म्हणून 'नो' नको. 'ले' हे 'त्याला' अशा अर्थाचे लहान सर्वनाम क्रियापदाला चिकटून येते, ते मोजायचे नाही. आता 'नुन्का' मागे न्या, लगेच 'नो' परततो : 'नो ले कुएन्ता नुन्का नादा आ नाद्ये'. चार नकार, अर्थ एकच.

दोन्ही क्रम शुद्ध असले तरी सारखे वापरात नाहीत. 'नुन्का' आधी येणे रोजच्या बोलण्यातले, कर्ता असलेला 'नाद्ये'ही तसाच. पण 'मला काही नको' म्हणताना लोक 'नो किएरो नादा' म्हणतात. 'नादा किएरो' कवितेत शोभेल. दुकानात ऐकणारा जरा थबकेल.