इंग्रजी कोटी मराठी-हिंदीत आणायची आहे? आधी हिशेब बघा

समजा, बिडकीनला पैठण रोडवर तुमचं पंपांचं दुकान आहे आणि कंपनीकडून इंग्रजी ओळ आली आहे: ‘ऑल्स वेल’. इंग्रजीत ‘वेल’ म्हणजे विहीरही आणि ठीकही. मराठीत ‘सगळं ठीक’ लिहिलंत की विहीर गेली, ‘सगळ्या विहिरी’ लिहिलंत की अर्थ गेला. इथे भाषांतर उपयोगाचं नाही, ओळ नव्याने लिहून घ्यावी लागते.

म्हणून शब्दाच्या दराने काम देऊ नका. दोन शब्दांना दोन रुपये दराने चार रुपये होतात. त्या पैशात कोणीही दोन मिनिटांचंच काम देईल. ओळीचा ठोक दर किंवा तासाचा दर ठरवा. मराठी आणि हिंदी ही दोन वेगळी कामं आहेत, दर वेगळे मागा. हिशेबापुरते एका भाषेचे ६,००० रुपये धरले, तर दोन्हींचे १२,००० आणि १८ टक्के जीएसटीचे २,१६०. जीएसटी लावणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक बिलावर घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लेखकाला सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणीच नसेल तर त्याला हा कर लावता येत नाही.

काम देताना एका कागदावर चार गोष्टी लिहा: मूळ ओळ व तिचे दोन्ही अर्थ, काय विकायचंय, कोणाला, आणि ओळ कुठे लागणार. ‘हिंदी’ एवढंच लिहू नका. बिडकीनच्या बांधकामांवर उत्तर भारतातून आलेला प्लंबर आणि संभाजीनगरात दखनी बोलणारा दुकानदार यांची हिंदी एक नाही. लेखकाकडून प्रत्येक भाषेत तीन पर्याय घ्या, आणि प्रत्येकाखाली त्याचा शब्दशः अर्थ व तो का निवडला हे लिहून घ्या. दोन भाषांना आठवडा द्या. उद्या सकाळी हवं म्हणालात तर पहिली सुचलेलीच ओळ मिळेल.

आता आपल्या पंपाचं बघू. मराठीत हाताशी शब्द आहे, पाणीदार. माणूस पाणीदार असतो, डोळे पाणीदार असतात. ‘पंप पाणीदार!’ म्हटलं की कोटी जमली, विहिरीचा उल्लेख नसला तरी. हाच शब्द हिंदीत नेला तर रोजच्या बोलण्यातला वाटत नाही, म्हणून तिथे कोटी सोडून ठेका धरायचा: ‘बटन दबा, पानी चढ़ा’. दोन्ही ओळी एकमेकींचं भाषांतर नाहीत, आणि तेच बरोबर आहे. कोका-कोलाची ‘ठंडा मतलब’ ही प्रसून जोशींची ओळही अशीच हिंदीतल्या ‘ठंडा’ या बोलीतल्या शब्दावर उभी राहिली.

सापळे पाण्यातच आहेत. ‘पैसा पाण्यात’ हा वाया जाण्याचा वाक्प्रचार. ‘पानी फेरना’ म्हणजे मातीमोल करणं. सगळ्यात जास्त चूक ‘खाली’ या शब्दाची होते. हिंदीतलं ‘टंकी कभी खाली नहीं’ जसंच्या तसं ‘टाकी कधी खाली नाही’ झालं, तर मराठी माणसाला टाकी कायम वर चढवलेली वाटते. चाचणीसाठी पाच ग्राहकांना ओळ वाचून दाखवा. ‘आवडली का?’ विचारू नका, ‘काय विकतोय?’ विचारा. तिघांना सांगता आलं नाही तर ओळ परत पाठवा.

लपलेले खर्च असे निघतात. किती फेऱ्या दुरुस्त्या दरात आहेत? दोन लिहून घ्या, तिसरीला पैसे लागतात. मजकूर युनिकोडमध्ये घ्या. फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि पुन्हा छापायचा खर्च तुमच्यावर येतो. छपाईआधी कागदावर नमुना मागा. हिंदी फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे नसतात, तेही बघा.

हक्क लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. मात्र दोन-तीन शब्दांच्या ओळीला कॉपीराइट मिळणं अवघड असतं. ओळ राखायची तर ट्रेडमार्क. त्याचं ऑनलाइन सरकारी शुल्क दर अर्जाला, दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, पण ते व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला, इतरांना ९,०००. लघुउद्योगासाठी उद्यम प्रमाणपत्र जोडा. पंप वर्ग ७ मध्ये येतात. मराठी आणि हिंदी ओळींचे अर्ज वेगळे, म्हणजे एका वर्गात ९,००० झाले. एजंटची फी वेगळी, ती आधी विचारा. नोंदणी दहा वर्षांची असते. दोन्ही करायची गरज नसेल तर जास्त चालणारी एकच करा.

आणि शेवटचं: डीलर असाल तर कंपनीचं चिन्ह वापरून स्वतःची ओळ लावण्याआधी कंपनीकडून ई-मेलवर होकार घ्या. तो हातात येईपर्यंत फ्लेक्सची ऑर्डर देऊ नका.