हाराचा भाव आणि हप्त्याचा भाव

गेल्या दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाचा मुलगा चौकहून कर्जतला माझ्याकडे आला. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी, पगार हातात अठ्ठावीस हजार. लग्न ठरलेले, वैशाखातली तारीख, आणि बोलणीत तीन तोळ्यांचा हार कबूल झालेला. खिशातून त्याने कर्जाचा अर्ज काढला आणि जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “काका, इथे तुमची सही लागेल. सोनं काय, वाढतच जातंय. व्याज त्यातून निघून जाईल.”

पतपेढीच्या कचेरीत माझी सव्वीस वर्षे गेली. “व्याज त्यातून निघून जाईल” हे वाक्य मी त्या खिडकीत कितीतरी वेळा ऐकले आहे. म्हणून सही करण्याआधी त्याला बसवले, त्याच्या आईला, म्हणजे वहिनींनाही बोलावून घेतले आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. तोच इथे देतो आहे. आकडे सोपे राहावेत म्हणून बावीस कॅरेटचा भाव तोळ्याला एक लाख धरला. तुमच्या दिवशीचा भाव वेगळा असेल, तो घालून हिशेब पुन्हा करा. रीत तीच राहते.

तीन तोळे सोने, म्हणजे तीन लाख. त्यावर घडणावळ बारा टक्के धरली, ती छत्तीस हजार. नक्षीच्या हाराला यापेक्षा जास्तही लागते. दोन्हींच्या बेरजेवर तीन टक्के जीएसटी, सुमारे दहा हजार. बिल झाले ३ लाख ४६ हजार. आता समजा, दुसऱ्याच दिवशी काही अडचण आली आणि तोच हार सोनाराकडे मोडायला नेला. सोनार वजन करील आणि सोन्याचे पैसे देईल. घडणावळ गेली, कर गेला, वर घट म्हणून दोन टक्के कापले. हाती येतील २ लाख ९४ हजार. एका रात्रीत बावन्न हजार कमी झाले, आणि यात फसवणूक कुणीच केलेली नाही. दागिन्याचा व्यवहारच तसा आहे. नुसते बिलाचे पैसे परत मिळायचे, तरी भाव जवळजवळ अठरा टक्क्यांनी चढावा लागतो. व्याजाचा विषय अजून निघालेलाच नाही.

पोराचा बेत होता, शेहेचाळीस हजार जवळचे घालायचे आणि तीन लाख उचलायचे. व्याज वर्षाला चौदा टक्के, मुदत तीन वर्षे. हप्ता बसतो १०,२५३ रुपये. छत्तीस हप्त्यांचे होतात ३ लाख ६९ हजार, म्हणजे व्याजच एकोणसत्तर हजार. अर्जाचा खर्च तीन हजार धरला. सगळे मिळून त्या हारासाठी घरातून ४ लाख १८ हजार जातात. तीन वर्षांनी हार मोडून एवढेच पैसे परत यायचे, तर तोळ्याचा भाव लाखावरून १ लाख ४२ हजारांवर जायला हवा. तीन वर्षे सलग, दर वर्षी साडेबारा टक्क्यांची वाढ. नफा एक रुपयाचाही नाही, फक्त तोटा टळला.

तो लगेच म्हणाला, “पण काका, गेल्या दोन-तीन वर्षांत त्याहून जास्तच वाढलंय ना?”

खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये चोवीस कॅरेटचे दहा ग्रॅम एकतीस हजारांच्या आसपास मिळत होते, एप्रिल २०२५ मध्ये भाव लाखाला टेकला. त्या काळात ज्याने कर्ज काढून सोने घेतले त्याला भावाने हात दिला, अगदी चौदा टक्के भरूनही. पण त्याच्या आधीची सहा वर्षे पाहा. २०१२ मध्येही भाव एकतीस हजारांच्याच आसपास होता. २०१५ मध्ये तो सव्वीस हजारांपर्यंत उतरला आणि २०१८ मध्ये पुन्हा एकतीसवर आला. २०१२ मध्ये ज्यांनी तीन वर्षांचे कर्ज काढून दागिने केले, त्यांचा शेवटचा हप्ता गेला तेव्हा त्यांचे सोने घेतल्या भावाच्याही खाली होते. अशी माणसे मी खिडकीच्या पलीकडे उभी पाहिली आहेत. २०१२ ते एप्रिल २०२५ हा तेरा वर्षांचा पूर्ण पल्ला धरला, तोवरची मोठी उसळी धरूनसुद्धा, तर वाढ वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आतच बसते. तिकडे कर्जाचे चौदा टक्के. भाव कुठल्या वर्षी उसळेल हे कुणी सांगू शकत नाही, हप्त्याची तारीख मात्र अर्जावर छापलेली असते.

आणखी एक गोष्ट वहिनींना विचारली. “वहिनी, भाव दीड लाख झाला तर हा हार मोडाल?” त्यांनी कानाला हात लावला. सुनेच्या अंगावरचा लग्नातला हार कोण मोडते? मग वाढलेला भाव हप्ता भरायला येणार कसा? हप्ता पगारातूनच जाणार, अठ्ठावीसमधले सव्वादहा हजार, दर महिन्याला, पावसाळ्यात ओव्हरटाइम नसला तरी.

आमच्या भागात पुढे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. पहिले पाच-सहा हप्ते नेटाने जातात. मग बाळंतपण येते, घर गळते, भातलावणीची मजुरी द्यायची असते. हप्ता थकतो. तेव्हा तोच हार सोनेतारणाला जातो. तारण ठेवून घेणारा फक्त सोन्याचे वजन आणि कस धरतो. घडणावळ आणि खडे त्याच्या हिशेबात नसतात, आणि सोन्याच्या किमतीतूनही काही भागच कर्ज म्हणून देतो. आता एकाच हारावर दोन व्याजे सुरू झाली, एक घेताना काढलेल्या कर्जाचे, दुसरे तारणाचे. कपाटात डबी रिकामी. घरात ही खूण दिसली, म्हणजे पहिल्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज निघाले, की तिथेच थांबून हार मोडावा आणि पहिले कर्ज फेडावे. जीव तुटतो, पण उशीर केला तर हार लिलावात जातो.

रिझर्व्ह बँकेने २०१२ च्या नोव्हेंबरातच बँकांना सांगितले की सोने विकत घेण्यासाठी कर्ज देऊ नये, मग ते दागिने असोत, नाणी असोत वा वळी. म्हणून अशा कर्जाच्या अर्जावर ‘सोने’ हा शब्द नसतो. ‘लग्नखर्च’, ‘घरगुती अडचण’ असे लिहिलेले असते. पोराच्या अर्जावरही ‘लग्नखर्च’च होते. हे वैयक्तिक कर्ज, विनातारण, म्हणून त्याचा दर चढा. घरासाठी ज्या दराने पैसे मिळतात त्या दराने हे मिळत नाहीत.

व्याजाचा दर विचारताना एक शब्द जपून ऐका. “दहा टक्के फ्लॅट” असे कुणी म्हणाले तर ते चौदापेक्षा स्वस्त नाही. फ्लॅटमध्ये तीन लाखांचे व्याज तिन्ही वर्षे पूर्ण तीन लाखांवरच लागते, तुम्ही निम्मी रक्कम फेडली असली तरी. तीन वर्षांचे नव्वद हजार होतात, हप्ता १०,८३३. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दर विचारूच नका, हप्ता विचारा, त्याला महिन्यांनी गुणा आणि मुद्दल वजा करा. उरते ते व्याज. हे पाचवीचे गणित आहे आणि ते खिडकीतच करावे, घरी येऊन नव्हे.

आणि शेकडा तीनने गावातून उचलण्याचा विचार तर मनातही आणू नका. महिन्याचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा राज्याच्या २०१४ च्या कायद्याने बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ज्या तालुक्यात भाई कोतवालांनी शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठारे काढली, त्या तालुक्यात हारापायी शेकडा तीन भरणे मला सहन होत नाही.

पोराने मान खाली घातली होती. म्हणाला, “मग हार करायचाच नाही का?”

करायचा की. आधी त्याला दुसरा हिशेब दाखवला. हेच १०,२५३ रुपये कर्जाच्या हप्त्याला न देता आवर्ती ठेवीत टाकले, साडेसहा टक्क्यांनी, तर तीन वर्षांनी चार लाखांच्या थोडे वर होतात. जवळचे शेहेचाळीस आणि अर्जाचे वाचलेले तीन हजार मुदत ठेवीत ठेवले तर तेही साठ हजारांच्या जवळ जातात. एकूण साधारण ४ लाख ६५ हजार. भाव तोळ्याला १ लाख ३४ हजारांपर्यंत गेला, तरी घडणावळ आणि जीएसटी धरून तोच तीन तोळ्यांचा हार रोखीने येतो. भाव एवढा वाढला नाही तर वर पैसे उरतात. त्याहून जास्त वाढला तर हार अडीच-पावणेतीन तोळ्यांचा होईल. थांबण्यातली जोखीम एवढीच आहे. आणि मधल्या तीन वर्षांत घरात आजारपण आले तर ठेव मोडता येते, कर्ज मोडता येत नाही.

ज्याला भाव चढण्याची भीती वाटते त्याने थोडे थोडे घ्यावे. आमच्या घरात भात विकले की एखाद्या ग्रॅमची वेढणी घ्यायची पद्धत होती. वेढणीला घडणावळ नाममात्र, मोडताना घट कमी. वजनाचे आणि शुद्धतेचे बिल मात्र जपून ठेवायचे. पुरेशी जमली की दागिना घडवायचा, म्हणजे नक्षीची मजुरी एकदाच पडते. सोनाराकडे महिन्याचे पैसे भरायच्या योजना असतात, त्यांत मी माणसाला घाई करू देत नाही. २०१९ च्या दिवाळीत डोंबिवली-ठाण्याकडच्या एका मोठ्या पेढीची दुकाने एकाएकी बंद झाली आणि लोकांचे भरलेले पैसे अडकले. ठेव बँकेतच बरी.

लग्न तर वैशाखात होते, तीन वर्षे थांबायला वेळ कुठला? म्हणून मी आणि वहिनी सुनेच्या माहेरी गेलो. वहिनींनी स्वतः सांगितले, “मुलगा कर्जात घालून तीन तोळे नाही घालणार. माझ्या पाटल्या मोडून दोन तोळ्यांचा हार करते, तिसरा तोळा तो सावकाश घालील.” तिथे दोन मिनिटे कुणी बोलले नाही. मग मुलीचे वडील म्हणाले, हप्ता शेवटी आमच्याच मुलीच्या संसारातून गेला असता. पाटल्या कर्जतला मोडल्या. समोर वितळवून कस पाहिला, वजन लिहून घेतले, नवीन हारावर हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक तपासला. खिशातून गेली ती घडणावळ, जीएसटी आणि घटीचा थोडा फरक, सगळे त्याच्या शेहेचाळीस हजारांत बसले.

वैशाखाची बोलणी दिवाळीपासून सुरू होतात. तोळे ठरवायला बसाल त्या बैठकीत एक कोरा कागद ठेवा, आणि तोळ्यांचा आकडा कबूल करण्याआधी त्यावर हप्त्याचा आकडा लिहून दोन्ही घरांना वाचून दाखवा.