आधी आवळा, मग सोडा

"टेन्शन घेऊ नका असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?" बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदारांनी मला विचारले. वय ४५. रोज संध्याकाळी डोके दुखायचे आणि रात्री झोप लागत नसे. रक्तदाब व डोळे तपासले, दोष नव्हता. खांदे मात्र लाकडासारखे. "खांदे सैल सोडा," म्हटले, तर म्हणाले, "सैलच आहेत की!"

गोम इथेच आहे. सतत ताणलेल्या स्नायूचा ताण माणसाला जाणवेनासा होतो. म्हणून आधी तो मुद्दाम वाढवायचा, मग सोडायचा. फरक कळला की सैल म्हणजे काय ते कळते. अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी स्नायू सैल करण्याच्या आपल्या पद्धतीवर १९२९ साली पुस्तक लिहिले. आज शिकवतात ती तिचीच आटोपशीर रीत.

चटईवर उताणे पडा किंवा खुर्चीत टेकून बसा. उजवी मूठ ५ ते ७ सेकंद आवळा आणि एकदम सोडा. मग अर्धा मिनिट काही न करता हाताकडे लक्ष द्या. तो जड, कोमट वाटू लागेल. हे सोडणेच महत्त्वाचे. बरेचजण इथे घाई करतात. पुढे डावी मूठ, दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या आणि पोटऱ्या. सगळा जोर लावू नका. पोटरीसाठी पावले स्वतःकडे ओढा, खाली ताणलीत तर पेटका येतो. दुखरा भाग वगळा.

मग श्वास. एरवी आपण मिनिटाला १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तो सहावर आणायचा. नाकाने ४ आकडे मोजत घ्या, ६ आकडे मोजत सोडा. पोटावर हात ठेवा, तो वर उचलला गेला पाहिजे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. ओठांना मुंग्या आल्या किंवा गरगरले, तर तुम्ही फार मोठे श्वास घेताय असे समजा. श्वास लहान करा, गती संथच ठेवा.

आमचे दुकानदार रोज रात्री १५ मिनिटे हे करू लागले. पहिला आठवडा कंटाळ्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, उधारीवाला समोर आला की माझे दात आवळतात, हे आत्ता कळलं!" आता ते तिथल्या तिथे जबडा सोडतात. डोकेदुखी पुरती गेलेली नाही, पण आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र याच्या भरवशावर बंद करू नका. छातीत दुखले वा दम लागला तर चटई अंथरत बसू नका, थेट दवाखाना गाठा.